‘माझं पण’ आणि ‘मग?’

वाचनापूर्वी

काल तुम्ही एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला काही सांगितलं असेल, ते आठवा. त्यावर समोरच्याचं पहिलं वाक्य काय होतं? शब्द नीट आठवत नसतील तरी चालेल, जेवढं आठवतं तेवढं वहीत लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहे.

पाठ

दुबईतलं अल क्वोज म्हणजे गोदामांचा आणि गॅरेजांचा भाग. एका बाजूला शेख झायेद रोड, दुसऱ्या बाजूला अल खैल रोड, आणि मधे फर्निचरची गोदामं, गाड्या दुरुस्त करणारी दुकानं, छोटे कारखाने. त्यातल्याच काही गोदामांमध्ये आता चित्रांची प्रदर्शनं भरतात, एक छोटं सिनेमागृहही आहे. त्या भागाला अलसरकाल अव्हेन्यू म्हणतात. याच अल क्वोजमध्ये लोक राहतातही. अल खैल गेटसारख्या वसाहतींमध्ये बरीच भारतीय कुटुंबं आहेत.

या पाठासाठी आपण इथल्या दोन मैत्रिणींची कल्पना करू. एकीला सई म्हणू, दुसरीला तन्वी. दोघी अकरावीत आहेत, दोघींचा जन्म दुबईतला, दोघी घरी मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजी. गुरुवारी शाळा सुटल्यावर घराजवळच्या कॅफेटेरियात दोघी करक चहा घ्यायला थांबतात. (हा ‘करक’ म्हणजे आपल्या ‘कडक’चाच भाऊ. आखाती देशांत जाऊन त्याचा उच्चार बदलला.) आता त्यांचं बोलणं वाचा. शक्य असेल तर दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

सई : अगं, काल बाबा ऑफिसमधून लवकर आले. त्यांच्या कंपनीत ना...
तन्वी : माझे बाबा पण! काल सहालाच घरी. मग आम्ही मॉलला गेलो, आणि तिथे कोण भेटलं सांगू?
सई : कोण?
तन्वी : आपल्या गणिताच्या मॅडम! आणि माझ्या हातात एवढं मोठं आइस्क्रीम. इतकं ऑकवर्ड झालं ना मला.
सई : (हसते) बरं, मी काय सांगत होते... बाबांच्या कंपनीत लोक कमी करतायत.
तन्वी : अरे देवा. टेन्शनच ना! आमच्याकडे पण मागच्या वर्षी असंच झालेलं. मला तर रात्र रात्र झोप नव्हती. माझे मार्क पण त्यामुळेच गेले. तुला आठवतं ना?
सई : हो, आठवतं.
तन्वी : आणि मॅडमना सांगितलं तरी त्यांना काही फरकच पडला नाही. मला इतकं वाईट वाटलेलं ना.
सई : हं.

चहा संपला. दोघी घरी गेल्या.

सईला जे सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. बाबांची नोकरी या महिन्यात संपणार आहे, आणि दुसरी मिळाली नाही तर अकरावीची परीक्षा झाल्यावर ती पुण्याला जाणार आहे. आखाती देशांत वाढलेल्या मुलांना याचा अर्थ लगेच कळेल. संयुक्त अरब अमिरातीत जन्म झाला म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. बहुतेक भारतीय मुलांचा तिथला व्हिसा आईच्या किंवा बाबांच्या व्हिसावर अवलंबून असतो आणि तो व्हिसा बहुतेक वेळा नोकरीवर. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाही तर सामान बांधायचं. म्हणजे सईला आपलं गाव सुटण्याची भीती वाटत होती, आणि तेवढं एक वाक्य तिच्या तोंडातून बाहेरच पडलं नाही.

नेमकं कुठे बिनसलं?

तन्वी वाईट मुलगी नाही. वर परत वाचून बघा. ती ‘टेन्शनच ना’ म्हणाली, म्हणजे तिला सईबद्दल वाटलं. ती सईला काही टोचून बोलली नाही. पण तिच्या उत्तरांत एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘पण’. मराठीत ‘पण’चे दोन अर्थ आहेत. ‘मी आले असते, पण पाऊस होता’ यातला ‘पण’ म्हणजे परंतु. ‘मी पण येते’ यातला ‘पण’ म्हणजे सुद्धा. तन्वीचा ‘पण’ दुसरा. ‘माझे बाबा पण’, ‘आमच्याकडे पण’, ‘माझे मार्क पण’. प्रत्येक वेळी तो शब्द आला आणि बोलण्याची गाडी सईच्या रुळावरून तन्वीच्या रुळावर गेली.

चार्ल्स डर्बर नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. लोक रोजच्या गप्पांमध्ये एकमेकांचं लक्ष कसं मागतात आणि कसं देतात, यावर त्यांनी १९७९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी उत्तरांचे दोन प्रकार सांगितले. एक, बोलणाऱ्याचा विषय पुढे नेणारं उत्तर. दोन, विषय स्वतःकडे वळवणारं उत्तर. सई म्हणाली, ‘बाबांच्या कंपनीत लोक कमी करतायत.’ यावर ‘मग? बाबांचं काय?’ हे पहिल्या प्रकारचं उत्तर झालं, आणि ‘आमच्याकडे पण असंच झालेलं’ हे दुसऱ्या प्रकारचं. दोन्ही उत्तरं प्रेमाने देता येतात. ऐकताना दुसरं उत्तर उद्धटही वाटत नाही, म्हणूनच ते पटकन लक्षात येत नाही. डर्बर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. विषय वळवायला नेहमी मोठं वाक्य लागत नाही. समोरचा बोलत असताना ‘हं’, ‘हो का’, ‘मग’ असे छोटे आवाज दिले नाहीत तरी बोलणाऱ्याचा विषय आपोआप विझतो. मराठीत या छोट्या आवाजाला ‘हुंकार’ म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्या आजीला हुंकार मिळाला नाही तर ती विचारते, ‘झोपलास का रे?’

पण मग आपलं काही सांगायचंच नाही का? असं नाही. आपल्याकडे तर ‘अगं, माझ्या मुलाचं पण अगदी असंच झालं होतं’ हे सांत्वनच असतं. तू एकटी नाहीस, हे सांगायची ती एक पद्धत आहे. डेबोरा टॅनन या भाषातज्ज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियात झालेल्या मित्रमंडळींच्या एका मेजवानीतल्या गप्पांचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की काही लोक दुसऱ्याच्या बोलण्यात बोलतात, लगेच आपला अनुभव जोडतात, आणि त्यांच्या दृष्टीने तो आपुलकीचाच भाग असतो. आपल्या घरी दिवाळीत सगळे काका, काकू, आत्या, मामा एकत्र जमले की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सगळे एकदम बोलतात आणि कुणालाच राग येत नाही.

म्हणून ‘पण’ मोजून भांडायला जाऊ नका. पाहायचं ते वेगळं. बोलणं परत येतं का? तन्वी असं म्हणाली असती तर?

तन्वी : आमच्याकडे पण मागच्या वर्षी असंच झालेलं, फार भीती वाटते ना? तुझे बाबा काय म्हणाले?

यातही ‘पण’ आहे, तिचा अनुभवही आहे. पण शेवटचा प्रश्न चेंडू सईकडे परत देतो. वरच्या खऱ्या संवादात तन्वीने एक प्रश्न विचारला होता, ‘तुला आठवतं ना?’ दिसायला तो प्रश्न सईला आहे, पण त्याचं उत्तर सईबद्दल नाही, तन्वीच्या मार्कांबद्दल आहे. असे प्रश्न ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं.

तन्वी असं का करते, यालाही एक साधं कारण असू शकतं. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच वेळ जातो, असं त्यात दिसलं. इतक्या थोड्या वेळात उत्तर तयार होऊ शकत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य मनात जुळवत असतो. आणि सगळ्यात पटकन सापडतं ते आपलंच काहीतरी, कारण ते आधीपासून मनात असतं. दुसऱ्याला विचारायचा प्रश्न मात्र त्याचं ऐकूनच बनवावा लागतो.

आता सईकडे पाहू. तिनेही काही केलं आहे. ‘कोण?’ असं तिनेच विचारलं, हसली, ‘हो, आठवतं’ म्हणाली, शेवटी ‘हं’ म्हणाली. म्हणजे तन्वीच्या गोष्टीला ती हुंकार देत राहिली. हा सईचा चांगुलपणा, आणि त्यामुळेच तन्वीला काही चुकतंय याचा पत्ता लागला नाही. सई मनात मात्र खट्टू झाली. गप्प बसणारी माणसं पुष्कळदा मनात हिशोब ठेवतात आणि समोरच्याला तो हिशोब कधी दाखवत नाहीत.

मराठीत कसं म्हणायचं?

इथे परदेशात वाढलेल्या मुलांसाठी एक खड्डा आहे. इंग्रजीत जे सहज म्हणतात ते शब्दाला शब्द मराठीत आणलं तर ‘तू माझं ऐकत नाहीस’ असं होतं. हे वाक्य मराठीत कोण म्हणतं? आई म्हणते, मुलाने पसारा आवरला नाही तर. आजोबा म्हणतात, नातवाने त्यांच्या मनासारखं केलं नाही तर. ‘माझं ऐक’ म्हणजे मी सांगते तसं कर. मैत्रिणीला असं म्हटलं तर ती म्हणेल, ‘तू कोण मला सांगणारी?’ आणि ते तिचं बरोबरच असेल.

‘ऐकवणे’ तर आणखी वेगळं. ‘तिने मला चांगलंच ऐकवलं’ म्हणजे ती मला रागावून खूप बोलली. गाणं ऐकवतात तेव्हा तो शब्द गोड असतो, माणसाला ऐकवतात तेव्हा नाही.

सईला हवा आहे तो शब्द म्हणजे ‘ऐकून घेणे’. मधे न तोडता, आपलं न लावता, समोरच्याचं शेवटपर्यंत कानावर घेणं. ‘जरा ऐकून घे ना’ यात हुकूम नाही. ‘जरा’ने मागणी लहान होते, ‘ना’ने ती विनंती होते.

कुणाकडे लक्ष मागणं आपल्याला थोडं लाजिरवाणं वाटतं, भीक मागितल्यासारखं. पण मराठीत हे मागणं फार जुनं आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. अवधान म्हणजे पूर्ण लक्ष. आणि ते मागताना आपण लडिवाळ लेकरासारखे बोलतोय, असा त्यांचा सूर आहे. एवढा मोठा कवी श्रोत्यांना ‘लक्ष द्या’ म्हणून विनवतो, तर सईने तन्वीला विनवायला काय हरकत आहे?

आता दुसरा संवाद. सईने शुक्रवारी मेसेज पाठवला: ‘उद्या संध्याकाळी पार्कात फेरी मारू या? मला एक महत्त्वाचं सांगायचंय. अर्धा तास लागेल.’ जानेवारी महिना आहे, संध्याकाळी बाहेर चालता येतं. अल क्वोज पाँड पार्कमध्ये तळ्याभोवती चालायची वाट आहे. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड बोलणं थोडं सोपं होतं. गाडीतही तसंच होतं, फक्त पुढे कुणाची आई किंवा बाबा बसलेले नकोत.

सई : तन्वी, आधी एक बोलू? थोडं अवघड आहे.
तन्वी : बोल ना. माझं काही चुकलं का?
सई : गुरुवारी मी बाबांच्या कंपनीचं सांगायला लागले ना, तेव्हा आपण तुझ्या मार्कांवर गेलो आणि माझं राहूनच गेलं. घरी गेल्यावर मला खूप एकटं वाटलं.
तन्वी : अगं, मी मुद्दाम नाही केलं! मला वाटलं, आमचं सांगितलं तर तुला बरं वाटेल. मी खरंच अशी आहे का? आई पण म्हणते मी फार बोलते. घरी तर माझं कुणी...
सई : थांब, थांब. तेही मला ऐकायचंय, खरंच. आधी माझं एवढं बोलून होऊ दे?
तन्वी : ...बरं. बोल.
सई : तू बोलतेस ते मला आवडतं. एवढंच हवंय की मी काही सांगायला लागले की आधी दोन-तीनदा ‘मग?’ विचार. माझं झालं की तुझं सांग.
तन्वी : आणि मी विसरले तर?
सई : तर मी म्हणेन, ‘माझं राहिलंय गं.’ तेव्हा रागवायचं नाही.
तन्वी : चालेल. पण तूही ना, ‘हो, आठवतं’ म्हणून गप्प बसतेस. मला कळणार कसं?
सई : खरंय. मी सांगत जाईन.
तन्वी : हं. आता सांग, गुरुवारी काय राहिलं?
सई : बाबांची नोकरी या महिन्यात संपतेय.
तन्वी : मग?
सई : दुसरी नाही मिळाली तर परीक्षा झाल्यावर आम्ही पुण्याला जाऊ. बारावी मी तिकडे करीन.

तन्वी थोडा वेळ काही बोललीच नाही. दोघी तळ्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेल्या.

तन्वी : अजून कुणाला सांगितलंस?
सई : नाही. तुलाच पहिल्यांदा.

सईच्या बोलण्यात काय आहे?

सईने तक्रार आधी केली आणि बातमी नंतर दिली. उलटं केलं असतं तर काय झालं असतं? ‘आम्ही दुबई सोडणार आहोत, आणि तू तर गुरुवारी ऐकलंही नाहीस’ असं म्हटलं की तन्वीला एकदम अपराधी वाटलं असतं, ती रडली असती, आणि सईलाच तिचे डोळे पुसावे लागले असते. म्हणजे विषय पुन्हा तन्वीच.

‘आपण तुझ्या मार्कांवर गेलो.’ इंग्रजीत ज्यासाठी एकच शब्द आहे त्यासाठी मराठीत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘तू तुझ्या मार्कांवर गेलीस’ म्हटलं असतं तर बोट तन्वीकडे गेलं असतं. ‘आपण’ म्हटल्यावर त्या वळणावर दोघी बरोबर होत्या, आणि ते खरंही आहे, कारण सई हुंकार देत होती.

‘माझं राहूनच गेलं.’ मराठीतलं हे फार कामाचं क्रियापद आहे. डबा राहून गेला, फोन करायचा राहून गेला. काम झालं नाही हे कळतं, पण कुणी केलं नाही ते वाक्यात येत नाही. ‘तू मला बोलूच दिलं नाहीस’ यात आरोपी आहे. तन्वी तिथे आपली बाजू मांडायला लागली असती, आणि मग कोण खरं यावर अर्धा तास गेला असता.

आणि सईने ‘नेहमी’ हा शब्द वापरला नाही. ‘तू नेहमी असं करतेस’ म्हटलं की समोरची व्यक्ती लगेच एक अपवाद शोधून काढते: ‘तुझ्या वाढदिवसाला नाही का मी तासभर ऐकलं?’ एक दिवस, एक वाक्य, एवढ्यावर थांबलं की वाद घालायला जागा उरत नाही.

संवादात एक अवघड जागा आहे, ‘घरी तर माझं कुणी...’ ही. ऐकून घेण्याबद्दलचं बोलणंसुद्धा तन्वीने स्वतःकडे वळवलं! हे पुष्कळदा होतं, त्यामुळे त्याची तयारी ठेवूनच जायचं. इथे दोन चुका सहज होतात. एक, ‘बघ, परत तेच करतेस’ असं म्हणणं. ते खरं असलं तरी लागतं. दुसरी, आपलं सोडून तिच्या घरच्या दुःखाला हुंकार देत बसणं. सईने तिसरं केलं. ‘तेही मला ऐकायचंय’ म्हणून तिचं बाजूला जपून ठेवलं आणि ‘माझं एवढं बोलून होऊ दे’ म्हणून आपली पाळी धरून ठेवली. यातला ‘एवढं’ महत्त्वाचा. फार वेळ लागणार नाही, असं त्यात वचन आहे. मात्र एकदा असं म्हटलं की नंतर तन्वीच्या घरचं खरोखर विचारायला हवं.

पुढे काय झालं?

पुढचे आठ-दहा दिवस जरा विचित्र गेले. तन्वी प्रत्येक वाक्यानंतर ‘मग?’ म्हणायची. ‘पाणी पिऊन येते.’ ‘मग?’ सईला पोलीस चौकशीला बसवल्यासारखं वाटायला लागलं आणि दोघी हसायला लागल्या. नवी सवय सुरुवातीला अशीच यांत्रिक असते. ती खरी झाली का, हे ‘मग?’ किती वेळा आलं यावरून कळत नाही. मन लावून ऐकणाऱ्या माणसालाच सुचेल असा प्रश्न आला की कळतं. एका दुपारी तन्वीने विचारलं, ‘पुण्यात गेलीस तर आत्याकडे राहणार की वेगळं घर?’ आत्याचं नाव सईने आठवड्यापूर्वी एकदाच घेतलं होतं.

विसरणंही झालं. एकदा सई आईच्या मुलाखतीचं सांगत होती आणि तन्वी ‘माझी आई पण’ म्हणून सुरू झाली. सई म्हणाली, ‘माझं राहिलंय गं.’ तन्वी थांबली, पण तिचा चेहरा पडला. ते दोन मिनिटं कुणालाच छान वाटलं नाही. ठरवलं असलं तरी आठवण करून दिलेली लागतेच थोडी.

या उपायाला मर्यादा आहेत. समोरची मैत्रीण स्वतःच मोठ्या अडचणीत असेल, घरात आजारपण असेल किंवा आईबाबांचं पटत नसेल, तर ती काही दिवस स्वतःबद्दलच बोलणार. अशा वेळी आपली पाळी मागे ठेवावी. आणि काही जणी चार-पाच वेळा सांगूनही बदलत नाहीत. तेव्हा मैत्री तोडलीच पाहिजे असं मला वाटत नाही. तिच्याबरोबर सिनेमाला जावं, हसावं, करक प्यावा, पण मनातलं जड काही दुसऱ्या कुणाजवळ बोलावं. सगळ्या मैत्रिणी सगळ्या कामांसाठी नसतात.

नवे शब्द

खट्टू होणे : मनातून थोडं नाराज होणे.
हुंकार : ऐकतोय हे कळावं म्हणून दिलेला ‘हं’ किंवा ‘हो’.
अवधान : पूर्ण लक्ष.
सांत्वन : दुःखी माणसाला धीर देणारं बोलणं.
राहून जाणे : करायचं होतं ते न होणे.
पाळी : बोलण्याचा किंवा खेळण्याचा आपला नंबर.
लागणे : इथे अर्थ, मनाला दुखणे. ‘तिचं बोलणं मला लागलं.’

स्वाध्याय

१. मैत्रीण म्हणते, ‘काल आजी घसरून पडली.’ खालच्या तीन उत्तरांपैकी कोणत्या उत्तरात बोलणं मैत्रिणीकडे परत येतं? उरलेल्या दोन उत्तरांना एकेक वाक्य जोडून तेही परत आणा.
(अ) अरे बापरे, माझी आजी पण मागच्या वर्षी पडली होती, महिनाभर प्लॅस्टर होतं.
(आ) अय्या, कुठे लागलं? तिच्याजवळ कोण आहे आत्ता?
(इ) माझ्या आजीचं पण झालेलं असं, मला माहितेय किती काळजी वाटते. तुला आठवतं ना, मी किती रडले होते?

२. खालची वाक्यं ‘आपण’ आणि ‘राहून गेलं’ वापरून पुन्हा लिहा. आरोप निघून जायला हवा, पण काय झालं ते कळायला हवं.
(अ) तू मला माझ्या परीक्षेचं सांगूच दिलं नाहीस.
(आ) तू तुझ्याच ट्रिपबद्दल बोलत बसलीस.

३. ‘तू माझं ऐकत नाहीस’ आणि ‘तू माझं ऐकून घेत नाहीस’ ही दोन वाक्यं घरातल्या मोठ्या माणसाला म्हणून दाखवा. पहिलं वाक्य कोण कुणाला म्हणेल, दुसरं कोण कुणाला, हे त्यांना विचारून लिहा.

४. पाठाच्या सुरुवातीला वहीत लिहिलेलं वाक्य काढा. त्या वाक्याने बोलणं कुणाकडे गेलं? तुम्ही त्यावर पुढे काय बोललात?

५. जोडीने करा. एकाने तन्वी व्हायचं आणि मधेच ‘घरी तर माझं कुणी...’ असं सुरू करायचं. दुसऱ्याने ‘थांब, थांब’ न म्हणता, दुसऱ्या शब्दांत आपली पाळी धरून ठेवायची. मग भूमिका बदला.